वेबसाइट एक सांगते, पाकीट दुसरेच: चालू ब्रँडची एकवाक्यता तपासायची कशी?

सावद्याचा_केळीवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सावदा-फैजपूर पट्ट्यात आमचा केळी वेफर्सचा घरगुती म्हणून सुरू झालेला आणि आता बऱ्यापैकी वाढलेला कारखाना आहे. ब्रँडचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही. जळगाव, भुसावळ, धुळे येथे माल पूर्वीपासून जातो आणि अलीकडे नाशिकलाही जाऊ लागला आहे. मागच्या महिन्यात नाशिकच्या वितरकाने फोन करून सांगितले की, सेल्समनने दाखवलेल्या कॅटलॉगातले पाकीट आणि खोक्यातून निघालेले पाकीट एकाच कंपनीचे वाटत नाही, त्यामुळे दुकानदार माल ठेवून घेताना कुरकुर करतात.

माझा प्रश्न नवा ब्रँड उभारण्याचा नाही. नाव चालते, माल चालतो. वेबसाइट, पाकीट, इन्स्टाग्राम-फेसबुक, कॅटलॉग, दरपत्रक या सगळ्यांत आम्ही स्वतःशी किती विसंगत आहोत आणि त्यातली कोणती विसंगती खरोखर नुकसान करते, हे नीट पद्धतीने कसे शोधावे? पुण्याच्या एका एजन्सीने संपूर्ण 'रिब्रँडिंग'चा प्रस्ताव दिला आहे. त्याआधी घरच्या घरी काय करता येईल, ते जाणकारांनी सांगावे.

हिशेबनीस_भुसावळ

भाऊ, ऑडिटच करायचे असेल तर आधी जीएसटीची विवरणपत्रे आणि वितरकांची येणी जुळवून घ्या. नाशिकचा वितरक पैसे थकवण्याआधी अशीच कारणे सांगतो, हा माझा अनुभव आहे.

सावद्याचा_केळीवाला

काका, हिशेब वेळेवर जुळतात आणि त्या वितरकाचे पैसेही वेळेवर येतात. येथे प्रश्न दिसण्याचा आणि सांगण्याचा आहे.

तापीकाठ

मी जळगावात पॅकेजिंगच्या आर्टवर्कचे काम करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अशी की संपूर्ण ब्रँड एकदम तपासायला घेऊ नका. तुमचा सर्वाधिक खपणारा एकच माल निवडा, समजा मसाला वेफर्सचे मधले पाकीट, आणि तो जिथे जिथे दिसतो त्या प्रत्येक ठिकाणचा खरा नमुना गोळा करा. 'खरा' या शब्दावर माझा जोर आहे. पाकीट गोदामातून घेऊ नका, दोन वेगवेगळ्या गावांतल्या दुकानांतून पैसे देऊन विकत घ्या, म्हणजे मागच्या छपाईचा मालही हाती येतो. वेबसाइट संगणकावर न पाहता मोबाइलवर पाहा आणि स्क्रीनशॉट छापून घ्या. कॅटलॉग ऑफिसातल्या फोल्डरमधून काढू नका. प्रत्येक सेल्समनला फोन करून सांगा, 'तू आज दुकानदाराला जी फाइल पाठवतोस, तीच मला पाठव.' पाच सेल्समनकडून पाच वेगवेगळ्या फाइली येणे अगदी नेहमीचे आहे. याशिवाय बाहेरचे खोके, बिलाचा नमुना, व्हिजिटिंग कार्ड, टेम्पोवरचे रंगकाम, दुकानांवरचे फ्लेक्स, व्हॉट्सअॅप बिझनेसचे प्रोफाइल, गुगल नकाशावरची नोंद आणि ऑनलाइन विक्रीच्या पानावरचा फोटो, हे सगळे एका मोठ्या टेबलावर मांडा. ग्राहक किंवा दुकानदार ज्या क्रमाने या वस्तू पाहतो, त्याच क्रमाने मांडा.

त्यानंतर एक तक्ता करा. प्रत्येक नमुन्याला एक ओळ, आणि रकान्यांत नाव कसे लिहिले आहे, बोधचिन्ह कोणते, मुख्य रंग, वजन, किंमत, मालाबद्दल केलेले दावे आणि संपर्क. शेवटचा रकाना लोक विसरतात आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे: 'ही वस्तू कोणी बनवली आणि कोणत्या फाइलवरून बनवली?' विसंगती दिसणे सोपे असते. ती कुठून आत शिरली, हे या रकान्यातून कळते.

तक्ता भरताना कोणतेही मत लिहायचे नाही. चांगले-वाईट नंतर ठरवू.

मेहरूणची_बोरं

तापीकाठ यांनी चांगले सांगितले, पण ब्रँडची एकवाक्यता म्हणजे मुख्यतः रंग. तुमच्या पिवळ्या रंगाचा हेक्स कोड एकदा पक्का करा, उदाहरणार्थ #F6B81A, आणि तोच डिझायनर, पाकीट छापणारा, फ्लेक्सवाला अशा सगळ्यांना लेखी द्या. सगळीकडे एकच पिवळा येईल आणि तुमचा निम्मा प्रश्न मिटेल. आमच्या क्लासच्या जाहिरातींत मी हेच केले.

तापीकाठ

@मेहरूणची_बोरं, रंग एकदा लेखी ठरवावा हे आपले म्हणणे योग्यच आहे, आणि इन्स्टाग्राम व वेबसाइट या दोन ठिकाणांसाठी हेक्स कोड पुरेसा आहे. पाकिटाच्या बाबतीत मात्र तो उपयोगी पडत नाही. हेक्स हा पडद्यावरच्या प्रकाशाचा आकडा आहे, आणि वेफर्सचे पाकीट ग्रॅव्हुअर यंत्रावर फिल्मवर शाईने छापले जाते. आतली फिल्म चंदेरी असेल आणि पिवळ्याखाली पांढऱ्या शाईचा थर दिला नसेल किंवा तो पातळ पडला असेल, तर तोच पिवळा मळकट आणि हिरवट दिसतो. फ्लेक्सवर तो आणखी तिसराच दिसेल, कारण तिथे शाई वेगळी आणि कापडही वेगळे.

त्यामुळे पडदा, फिल्म आणि फ्लेक्स हे तिन्ही तंतोतंत जुळावेत अशी अपेक्षा धरली, तर तपासणी कधीच संपणार नाही. त्याऐवजी पाकीट छापणाऱ्याकडून शेड कार्ड मागावे. त्यात एकाच रंगाचे फिका, प्रमाण आणि गडद असे तीन छापील नमुने असतात. दोन टोके तुम्ही सही करून मान्य करायची आणि त्यापलीकडे गेलेला रोल परत करायचा. तुलना करताना नमुने एकाच उजेडात, शक्यतो दिवसा खिडकीजवळ, एकमेकांना टेकवून पाहायचे. ट्यूबलाइटखाली एक आणि उन्हात दुसरा, असे पाहून काढलेल्या निष्कर्षाला काही किंमत नाही.

सावद्याचा_केळीवाला

तापीकाठदादा, मनापासून आभार. मसाला वेफर्सचे मधले पाकीट घेऊन सांगितल्याप्रमाणे सगळे मांडले. घरातली मंडळी टेबलाभोवती उभी राहून पाहतच राहिली. जे सापडले ते लिहितो.

बोधचिन्ह दोन प्रकारचे आहे. पाकिटावर आणि टेम्पोवर केळीचे पान असलेले जुने, तर वेबसाइट आणि इन्स्टाग्रामवर पान काढून टाकलेले नवे. भुसावळच्या फ्लेक्सवर तर ब्रँडचे नाव निराळ्याच अक्षरांत आहे. पाकिटावर वजन 180 ग्रॅम आहे. वेबसाइटवर आणि दोन सेल्समनच्या कॅटलॉगात 200 ग्रॅम आहे, कारण तेल महागले तेव्हा भाव न वाढवता वजन कमी केले होते. वेबसाइटवर 'शेंगदाणा तेलात तळलेले' असे ठळक लिहिले आहे, कारण ती तयार झाली तेव्हा तसेच होते. पाकिटावरच्या घटकांत आता पामोलिन आहे. पिवळा रंग पाकिटावर लिंबासारखा आणि इन्स्टाग्रामवर भगव्याकडे झुकणारा आहे. पाकिटावर नावाशेजारी वर्तुळातला आर आहे, वेबसाइटवर टीएम आहे, कॅटलॉगावर काहीच नाही. गुगल नकाशावर जुन्या जागेचा पत्ता आहे.

सगळे पाहून प्रश्न पडला की सुरुवात कुठून करावी? एजन्सीच्या प्रस्तावात पहिले काम बोधचिन्हाचे आहे.

सातपुडा_पायथा

मी खाद्यपदार्थांच्या लेबलांच्या परवानग्यांचे काम पाहतो. आपल्या यादीत बोधचिन्ह आणि रंग यांच्या कितीतरी आधी दोन गोष्टी येतात. तेल आणि वजन.

वेबसाइटवरचा तेलाचा दावा आज रात्रीच काढा. पाकिटावर पामोलिन आणि वेबसाइटवर शेंगदाणा तेल, हा विसंगतीच्या पलीकडचा प्रकार आहे. खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांसाठी 2018 चे स्वतंत्र नियम आहेत आणि दिशाभूल करणारा दावा वेबसाइटवर केला तरी तो दावाच असतो. एखाद्याला शेंगदाण्याची अॅलर्जी असेल किंवा कोणी पाम तेल टाळत असेल, तर त्याच्यासाठी हा थेट निर्णयाचा मुद्दा आहे.

वजनाचेही तसेच. पॅकबंद वस्तूंचे वैधमापन नियम 2011 चे आहेत. ऑनलाइन विक्री होत असेल तर निव्वळ वजन, किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता या बाबी विक्रीच्या पानावरही दाखवाव्या लागतात. उत्पादनाचा महिना-वर्ष तेवढा तिथे सक्तीचा नाही. त्यामुळे '200 ग्रॅम' वाचून मागवलेल्या ग्राहकाच्या हाती 180 ग्रॅमचे पाकीट पडले, तर त्याची तक्रार रास्त ठरते. येथे वेबसाइट चुकीची आहे, पाकीट बरोबर आहे, हे तुमचे नशीब, कारण वेबसाइट दहा मिनिटांत बदलता येते. याउलट पाकिटावरच चूक असती तर तुम्ही चिकटपट्टी लावून ती दुरुस्त करू शकला नसता. सक्तीच्या मजकुरावर स्वतंत्र स्टिकर लावून बदल करायला मनाई आहे. अपवाद फक्त किंमत कमी करण्याचा, आणि तेव्हाही मूळ किंमत झाकायची नाही.

वर्तुळातला आर तुमचे नाव नोंदणीकृत ट्रेडमार्क असेल तरच वापरता येतो. नोंदणी झाली नसताना तो छापायला ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 107 खाली मनाई आहे आणि त्याबद्दल दंड होऊ शकतो. फक्त अर्ज केलेला असेल तर टीएम लिहावे. आपली नोंदणी झाली आहे का?

सावद्याचा_केळीवाला

वेबसाइटवरचा तेलाचा दावा आणि वजन दोन्ही बदलले. ट्रेडमार्कची नोंदणी झालेली आहे, प्रमाणपत्र वडिलांच्या कपाटात आहे. म्हणजे पाकीट बरोबर आणि वेबसाइट मागे, असे दिसते.

सातपुडा_पायथा

प्रमाणपत्रावर नोंदलेले चिन्ह पानासह आहे की पानाशिवाय, तेही पाहा. नोंदणी ज्या स्वरूपाची झाली आहे, आर त्याच स्वरूपापुढे शोभतो. पान काढलेल्या नव्या चिन्हापुढे तो लावायचा का, हा वकिलाला विचारण्याचा प्रश्न आहे.

पांझराकाठचा

धुळ्यात माझे ठोक किराण्याचे दुकान आहे. या धाग्यावरची सगळी मंडळी कागद आणि पडदा पाहत आहेत, म्हणून गल्ल्याच्या बाजूने चार ओळी लिहितो.

तुमच्यासारख्या मालाचे नाव माझ्याकडे फार थोडे लोक घेतात. साक्री-शिरपूरकडचा किरकोळ दुकानदार फोनवर 'तो पानवाला पिवळा पुडा दोन खोकी द्या' असे सांगतो. लहान मुले वाचण्याआधी पान ओळखतात. तुमच्या एजन्सीने पान काढून टाकले असेल तर माझ्या दृष्टीने तिने तुमची ओळखच काढून टाकली. नव्या चिन्हाला जुळवण्यासाठी उद्या पाकीट बदललेत, तर मला प्रत्येक दुकानदाराला समजावून सांगावे लागेल की माल तोच आहे. तोवर शेजारच्या ब्रँडचा पिवळा पुडा जाईल.

विसंगती मिटवायची म्हणजे नेहमी नव्याकडेच सरकायचे, हे मला पटत नाही.

तापीकाठ

पांझराकाठच्या भाऊंचे म्हणणे तपासणीत घालण्याजोगे आहे आणि त्यासाठी एक साधी चाचणी आहे. पाकिटावरचे नाव अंगठ्याने झाका आणि ब्रँडबद्दल काहीही न सांगता दहा-बारा दुकानदारांना विचारा, 'हा कोणाचा माल?' मग पान झाकून, नाव उघडे ठेवून विचारा. तिसऱ्या वेळी पाकिटाचा फोटो मोबाइलवर काळा-पांढरा करून दाखवा. कोणती गोष्ट झाकल्यावर ओळख तुटते, तीच तुमची खरी ठेव. एकवाक्यता त्या गोष्टीभोवती बांधायची. बाकीचे बदलले तरी चालते.

एक सावधगिरी आहे. ही चाचणी धुळे-जळगावात घेतलीत तर उत्तर पानाच्या बाजूने येईल, कारण तिथे पान अनेक वर्षे दिसते आहे. नाशिकच्या दुकानदाराला दोन्ही नवीन आहेत. तिथले उत्तर वेगळे आले तर गोंधळून जाऊ नका, दोन्ही वेगवेगळे लिहून ठेवा.

बिबड्याची_ताई

मी अमळनेरला बचत गटातर्फे ज्वारीचे बिबडे आणि पापड विकते. आमच्याकडे वेबसाइट नाही, एजन्सी नाही. पण हे वाचून आमची लेबले समोर ठेवली तर प्रत्येक सभासद बाई वेगळ्या छापखान्यातून छापून आणते, असे दिसले. कुठे गटाचे नाव मोठे, कुठे पदार्थाचे नाव मोठे, कुठे 'घरगुती' लिहिलेले, कुठे नाही. एवढ्याशा व्यवसायाला हा तक्ता भरण्याची खरोखर गरज आहे का? की माल विकला जातो तोवर चालू द्यावे?

तापीकाठ

ताई, तुम्हाला सगळा तक्ता नको. फक्त शेवटचा रकाना भरा: कोण कोणत्या फाइलवरून छापते? एकच मान्य फाइल गटाच्या एका सभासदाकडे ठेवा आणि छापखाना कोणताही असो, फाइल तीच जाईल एवढा नियम करा. मराठी अक्षरे आकृतीत बदलून, म्हणजे कर्व्हज करूनच फाइल द्या. छापखान्यात तोच फाँट नसेल तर तिथला मुलगा नाव पुन्हा टाइप करतो आणि मग जोडाक्षरे, वेलांट्या सगळे बदलते. सावद्याच्या भाऊंच्या भुसावळच्या फ्लेक्सवर बहुधा हेच झाले असावे.

सातपुडा_पायथा

ताई, 'घरगुती' या शब्दाबद्दल थोडे जपून. 2018 च्या त्याच नियमांत, घरी बनवल्याचा चुकीचा समज होईल असे शब्द वापरू नयेत असे आहे. तुमचे बिबडे खरोखर सभासदांच्या घरी होतात, त्यामुळे तुमची बाजू भक्कम आहे. कारखान्यात बनवणाऱ्याने तो शब्द टाळलेला बरा. सावद्याच्या भाऊंनीही वेबसाइटवर हा शब्द कुठे आहे का, ते शोधावे.

वाघूरचा_पोरगा

मी काही ब्रँडांची सोशल मीडियाची कामे करतो. एका मुद्द्यावर वेगळे मत मांडतो. इन्स्टाग्रामवर पाकिटासारखीच भाषा आणि तोच चेहरा ठेवला तर कोणी पाहत नाही. आम्ही रील्समध्ये अहिराणी वापरतो आणि लोक भरभरून शेअर करतात. पाकिटावर मात्र शुद्ध मराठी. हीसुद्धा तुम्ही विसंगती धरणार का? तसे असेल तर मग सगळेच कोरडे होऊन जाईल.

पांझराकाठचा

अहिराणीचे मी स्वागतच करतो, धुळे-नंदुरबारकडे ती आपली वाटते. पण सावदा-फैजपूर-यावलकडे घरात लेवा बोली आहे. तिकडच्या ब्रँडने अहिराणीत बोलायला सुरुवात केली तर तिथली मंडळी काय म्हणतील?

सावद्याचा_केळीवाला

भाऊ, अगदी बरोबर. आमच्या रील्स धुळ्याचा मुलगा बनवतो आणि त्या अहिराणीतच आहेत. गावात लोक विचारतात की तुम्ही बोली कधी बदलली. धुळ्याकडून मात्र त्या रील्सनंतर चौकशा वाढल्या. हे चांगले की वाईट, मला ठरवता येत नाही.

तापीकाठ

माझ्या मते बोलण्याचा बाज ठिकाणानुसार बदलू शकतो आणि बदलावाही. पाकिटावर थोडक्यात आणि नेमके, रील्समध्ये मोकळे. तपासणीत मी फक्त एवढे पाहतो की दोन्हीकडे वस्तुस्थिती आणि आश्वासन एकच आहे का. रीलमधला मुलगा अहिराणीत 'शेंगदाना तेल' म्हणत असेल तर ती खरी विसंगती, मग भाषा कितीही गोड असो. बोलीचा निर्णय मात्र कोणत्या बाजारात वाढायचे आहे यावर अवलंबून आहे, तो तक्ता सांगणार नाही.

सातपुडा_पायथा

रील्सचा विषय निघाला म्हणून विचारतो. केळीबद्दल त्यांत काय म्हटले आहे?

सावद्याचा_केळीवाला

दोन रील्समध्ये 'जीआय मानांकित जळगावच्या केळीपासून' असे आहे. पाकिटावर तसे काही नाही. केळी आम्ही रावेर-यावलच्या शेतकऱ्यांकडून आणि सावद्याच्या व्यापाऱ्यांकडून घेतो.

सातपुडा_पायथा

जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले हे खरे आहे. पण ते नाव व्यापारात वापरण्याचा हक्क अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झालेल्यांना असतो. तालुका तोच आहे म्हणून कोणालाही ते लावता येत नाही. तुम्ही ज्यांच्याकडून घेता ते शेतकरी नोंदणीकृत आहेत का, आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थावर तसा दावा तुम्हाला करता येतो का, हे तपासून घेईपर्यंत त्या दोन रील्स बाजूला ठेवाव्यात. 'रावेर-यावलच्या शेतांतली केळी' हे वाक्य तुमच्या खरेदीच्या पावत्यांवरून सिद्ध होते आणि ऐकायलाही चांगले वाटते.

मेहरूणची_बोरं

शेड कार्डबद्दल मला नवी माहिती मिळाली. पण मग एक शंका आहे. पाकिटाचा रंग लिंबासारखा आणि इन्स्टाग्रामचा भगवट, यांत कोणी कोणाला जुळवून घ्यायचे? पडदा स्वस्त आहे म्हणून पडदाच बदलायचा का?

तापीकाठ

येथे होय. ग्रॅव्हुअरमध्ये प्रत्येक रंगाचे स्वतंत्र सिलिंडर कोरलेले असते आणि फिल्म रोलच्या हिशेबाने घ्यावी लागते, त्यामुळे पाकीट ही सर्वांत संथ आणि सर्वांत महाग बदलणारी वस्तू आहे. शिवाय ग्राहकाच्या हाती तीच पडते. म्हणून पाकीट हे प्रमाण मानून बाकी सगळे त्याच्याकडे ओढणे बहुतेक वेळा शहाणपणाचे ठरते. शेड कार्डातल्या प्रमाण नमुन्याशेजारी चांगला मोबाइल धरून डोळ्यांना सर्वांत जवळचा वाटणारा पिवळा निवडा आणि तोच हेक्स कोड इन्स्टाग्राम-वेबसाइटसाठी पक्का करा. तेव्हा आपली सूचना खरी उपयोगी पडेल.

सावद्याचे भाऊ, शेवटचा रकाना भरला असेल तर तो येथे मांडा.

सावद्याचा_केळीवाला

तो रकाना भरताना सर्वांत जास्त वेळ लागला, कारण प्रत्येकाला फोन करावा लागला. पाकीट छापणाऱ्याकडे मूळ फाइल आहे, ती त्यानेच बनवली होती आणि आमच्याकडे तिची प्रतच नाही. वेबसाइट आणि इन्स्टाग्राम एजन्सीच्या फाइलवरून, म्हणजे पान नसलेल्या चिन्हावरून. भुसावळच्या फ्लेक्सवाल्याला आमच्या सेल्समनने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला होता. तो फोटो फाटलेला दिसत होता, म्हणून त्याने नाव नव्याने टाइप केले. तापीकाठदादांचा तर्क तंतोतंत खरा ठरला. जुने वजन असलेले कॅटलॉग ज्या दोन सेल्समनकडे होते, त्यांना नवी फाइल कधी पाठवलीच गेली नव्हती. ते एकमेकांना जुनीच पुढे पाठवत होते.

म्हणजे तक्त्यात विसंगती बऱ्याच दिसत असल्या, तरी उगम दोनच आहेत. मूळ फाइल आमच्या ताब्यात नाही, आणि विक्रीची फाइल कोणाकडे कोणती आहे याची नोंद नाही.

तापीकाठ

हेच शोधायचे होते. आता पाकीट छापणाऱ्याकडून मूळ फाइल मागून घ्या. आर्टवर्कचे पैसे दिले असतील तर मागण्यात संकोच करू नका. फ्लेक्सवाल्याला यापुढे चिन्ह व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवले की ते आवळून लहान केले जाते. कॅटलॉगाच्या फाइलीच्या नावात महिना-वर्ष घाला आणि तेच पहिल्या पानावर छापा, म्हणजे दुकानदारालाही जुनी फाइल ओळखता येईल.

एजन्सीला पूर्ण नाकारू नका. तिच्याकडून चिन्हाच्या वापराचे दोन पानी नियम आणि नीट फाइली करून घ्या. गोळा करण्याचे जे काम तुम्ही केलेत, त्याचे पैसे मात्र आता द्यावे लागणार नाहीत.

हिशेबनीस_भुसावळ

सगळे वाचले. मी सुरुवातीला वेगळाच अर्थ घेतला होता. पण बिलाच्या नमुन्याबद्दल एक सांगतो: बिलावर मालाचे वर्णन '200 ग्रॅम' असे राहिले असेल तर वितरकाच्या साठ्याच्या नोंदी तशाच होतात आणि परतावा देताना वाद होतात. संगणकातल्या आयटम मास्टरमध्ये वजन बदलले आहे का?

सावद्याचा_केळीवाला

काका, आत्ताच पाहिले. बदललेले नाही! बिलावर आजही 200 ग्रॅम छापले जाते. हे आमच्या कोणाच्याही नजरेला आले नव्हते, आणि आता वाटते की नाशिकच्या वितरकाची कुरकुर यामुळेही असावी. उद्या सकाळी पहिले काम हेच करतो. जुन्या बिलांचे काय करावे लागते, तेही सांगाल का?

हिशेबनीस_भुसावळ

जुन्या बिलांना हात लावू नका. बिल नगावर आणि खोक्यावर होत असेल तर रकमेत फरक नाही, फक्त वर्णन जुने राहिले आहे. वितरकांना एक पत्र द्या की अमुक तारखेपासून पाकीट 180 ग्रॅमचे आहे. तुमच्या सीएना एकदा दाखवून मग पाठवा.

पांझराकाठचा

अंगठ्याच्या चाचणीचे काय झाले?

सावद्याचा_केळीवाला

जळगाव, भुसावळ आणि फैजपूर येथे केली. पान झाकल्यावर बहुतेकजण थांबले, नाव झाकल्यावर जवळपास सगळ्यांनी बरोबर सांगितले. काळ्या-पांढऱ्या फोटोत शेजारच्या दुसऱ्या ब्रँडशी गल्लत झाली, म्हणजे रंगही ओळखीचा भाग आहे. नाशिकला सेल्समन पुढच्या फेरीत करून पाहणार आहे. ट्रेडमार्कच्या प्रमाणपत्रावर चिन्ह पानासह आहे. त्यामुळे वेबसाइट आणि इन्स्टाग्रामवर पान परत आणण्याचे वडील आणि मी ठरवले आहे. एजन्सी नाराज आहे. तिचे म्हणणे असे की बारीक आकारात, विशेषतः प्रोफाइलच्या गोलात, पानाच्या शिरा दिसत नाहीत आणि नुसता हिरवा डाग दिसतो.

तापीकाठ

या एका मुद्द्यावर एजन्सी बरोबर आहे. पान ठेवा, पण लहान आकारासाठी शिरा काढलेले साधे पान वेगळे काढून घ्या आणि ते कोणत्या मापाखाली वापरायचे हे नियमात लिहा. पाकिटाला सध्या हात लावू नका. पुढचे सिलिंडर कोरण्याची वेळ येईल तेव्हा बघू.

वाघूरचा_पोरगा

आणि रील्स? अहिराणी की लेवा बोली?

सावद्याचा_केळीवाला

त्यावर घरात अजून एकमत नाही. आई लेवा बोलीच्या बाजूने आहे, धाकटा भाऊ धुळ्याच्या चौकशांचा आकडा दाखवतो. जीआय आणि तेलाचा उल्लेख असलेल्या रील्स काढल्या आहेत, बाकीच्या तूर्त चालू आहेत.